कार्बापेनेम फोडणारे एन्झाइम

कार्बापेनेम हा पेनिसिलिनच्या घराण्यातला प्रतिजैविकांचा गट आहे. इमिपेनेम, मेरोपेनेम, एर्टापेनेम आणि डोरिपेनेम ही त्यातली ठळक नावे. ही औषधे शिरेतून द्यावी लागतात, म्हणून बाहेरच्या रुग्णाला ती सहसा माहीत नसतात. पण ज्यांच्या घरातला कोणी आयसीयूमध्ये राहून आला आहे, त्यांनी बिलावर मेरोपेनेमचे नाव बहुधा वाचलेले असते. मूत्रमार्ग, पोट, फुप्फुस किंवा रक्तात पसरलेला गंभीर जंतुसंसर्ग साध्या औषधांना दाद देत नसेल, तर डॉक्टर या गटाकडे वळतात. तोही निकामी ठरला की पुढे फारसे काही उरत नाही. ही वेळ बहुतेकदा जिवाणूंनी तयार केलेल्या एन्झाइममुळे येते. हे एन्झाइम औषधाचा रेणू फोडतात आणि त्यांना एकत्रितपणे कार्बापेनेमेज म्हणतात.

औषधाचा रेणू कुठे फुटतो हे कळण्यासाठी आधी तो काम कसे करतो हे पाहावे लागते. पेनिसिलिन, सेफॅलोस्पोरिन आणि कार्बापेनेम या सगळ्यांच्या मध्यभागी चार अणूंचे एक कडे असते: तीन कार्बन आणि एक नायट्रोजन. त्याला बीटा-लॅक्टम कडे म्हणतात. चार अणूंना इतक्या लहान चौकोनात बसवल्यामुळे हे कडे ताणलेले असते आणि संधी मिळताच उघडते. जिवाणूभोवतीची भिंत विणणारी काही प्रथिने या कड्याला आपला नेहमीचा कच्चा माल समजून पकडतात. कडे उघडते, औषध त्या प्रथिनाला चिकटून बसते आणि विणकाम थांबते. भिंत कमकुवत झाली की आतल्या दाबाने जिवाणू फुटतो. म्हणजे कडे शाबूत असेल तोवरच औषध हे औषध असते. आधीच उघडलेले कडे कोणालाच चिकटत नाही.

कड्यावर पाण्याचा एक रेणू चढवून ते वेळेआधी उघडायचे, हीच जिवाणूंची युक्ती. असे करणाऱ्या एन्झाइमना बीटा-लॅक्टमेज म्हणतात आणि ते औषधांपेक्षाही जुने आहेत. पेनिसिलिन नष्ट करणाऱ्या जिवाणूजन्य एन्झाइमचे वर्णन एडवर्ड अब्राहम आणि अर्न्स्ट चेन यांनी 1940 मध्ये केले, तेव्हा पेनिसिलिन रुग्णांपर्यंत पोचलेही नव्हते. त्यानंतर नवे औषध आणि ते फोडणारे नवे एन्झाइम अशी शर्यत चालू राहिली. 1980 च्या दशकात सेफॅलोस्पोरिनही फोडणारे ईएसबीएल गटाचे एन्झाइम पसरू लागले. पुढे भारतात साध्या मूत्रसंसर्गातल्या ई. कोलायमध्येही ते सर्रास आढळू लागले. मग कार्बापेनेम हे राखीव औषध न राहता रोजचे झाले, कारण ईएसबीएलपुढे टिकणारे भरवशाचे दुसरे औषध नव्हते.

कार्बापेनेम टिकत होते ते त्याच्या घडणीमुळे. या गटाचा पहिला रेणू, थिएनामायसिन, मर्क कंपनीच्या संशोधकांना 1970 च्या दशकाच्या मध्यावर मातीतल्या स्ट्रेप्टोमायसेस कॅटलिया या जिवाणूत सापडला. त्याच्या कड्याला एक बाजूची साखळी अशा कोनात जोडलेली आहे, की बहुतेक बीटा-लॅक्टमेज त्याला पकडतात खरे, पण पुढचे पाणी चढवण्याचे काम पुरे करू शकत नाहीत आणि औषधासकट अडकून बसतात. थिएनामायसिन स्वतः फार अस्थिर होते. त्यात थोडा बदल करून इमिपेनेम तयार झाले आणि 1985 मध्ये ते अमेरिकेत वापरात आले. गंमत अशी, की कार्बापेनेम फोडणारा पहिला अडसर संशोधकांना जिवाणूत नव्हे, तर माणसाच्या मूत्रपिंडात भेटला. तिथले एक एन्झाइम इमिपेनेमचे कडे उघडते, म्हणून त्यासोबत सिलास्टॅटिन नावाचे दुसरे रसायन द्यावे लागते. मेरोपेनेमला त्याची गरज नाही.

हे सगळे ज्या जिवाणूंच्या संदर्भात महत्त्वाचे ठरते, ते ग्रॅम-निगेटिव्ह जिवाणू: क्लेब्सिएला, ई. कोलाय, स्यूडोमोनास, ॲसिनेटोबॅक्टर. हान्स क्रिश्चन ग्रॅम यांनी 1884 मध्ये शोधलेल्या रंगप्रक्रियेत ते जांभळा रंग धरून ठेवत नाहीत, म्हणून हे नाव. त्यांची भिंत पातळ असते, पण तिच्या बाहेर आणखी एक मेदयुक्त पडदा असतो. औषधाला आत जायचे तर या पडद्यातल्या पोरिन नावाच्या अरुंद छिद्रांतूनच जावे लागते. दोन पडद्यांमधल्या पोकळीत भिंतीचे विणकाम चालते आणि नेमक्या त्याच पोकळीत जिवाणू आपले बीटा-लॅक्टमेज साठवतो. त्यामुळे औषधाचे थोडे थोडे रेणू आत येतात आणि लक्ष्यापर्यंत पोचण्याआधी त्यांना एन्झाइमच्या दाटीतून जावे लागते. स्टॅफिलोकॉकससारख्या ग्रॅम-पॉझिटिव्ह जिवाणूला बाहेरचा पडदा नसतो. त्याचे एन्झाइम आसपास विरून जाते. काही ग्रॅम-निगेटिव्ह जिवाणू पोरिन कमी करून दारच अरुंद करतात. मग दुबळे एन्झाइमही पुरे पडते.

कार्बापेनेमेजचे प्रकार पुष्कळ आहेत, पण रुग्णाच्या दृष्टीने त्यांच्यातला एकच फरक निर्णायक असतो: कडे फोडण्याची रीत. पहिल्या रीतीत एन्झाइमच्या खोबणीतले सेरीन हे अमिनो आम्ल औषधाला स्वतः चिकटते आणि मग पाण्याचा रेणू आणून त्याला सोडवते. औषध फुटते, एन्झाइम पुन्हा मोकळे होते. केपीसी हे या प्रकारचे सर्वांत गाजलेले एन्झाइम. ते 1996 मध्ये अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना राज्यातून घेतलेल्या क्लेब्सिएलात आढळले आणि 2001 मध्ये त्याचे वर्णन प्रसिद्ध झाले. इस्तंबूलमध्ये 2001 साली सापडलेले ओएक्सए-48 हेही सेरीन वापरते, पण मंदगतीने काम करते.

दुसऱ्या रीतीत सेरीनचे काम जस्त करते. एन्झाइमच्या खोबणीत जस्ताचे दोन अणू बसलेले असतात. त्यांच्यामध्ये पाण्याचा रेणू अशा अवस्थेत धरलेला असतो, की तो थेट बीटा-लॅक्टम कड्यावर हल्ला करतो. इथे एन्झाइम औषधाला चिकटत नाही. हा तपशील किरकोळ वाटतो, पण पुढच्या उपचाराचे गणित त्यावरच बसते. कारण सेरीनला अडवणारी रसायने बनवणे सोपे गेले, तर जस्तवाल्या एन्झाइमला पकडायला तसा हूकच मिळत नाही. या जातीला मेटॅलो-बीटा-लॅक्टमेज म्हणतात. जपानमधले आयएमपी आणि इटलीतल्या व्हेरोनात सापडलेले व्हीआयएम हे त्यातले आधीचे. भारतात मात्र सर्वांत जास्त जाच केला तो एनडीएमने.

एनडीएमची नोंद स्वीडनमध्ये झाली. तिथे राहणारा एक मूळ भारतीय रुग्ण डिसेंबर 2007 मध्ये नवी दिल्लीत रुग्णालयात दाखल होता. परतल्यावर जानेवारी 2008 मध्ये त्याच्या लघवीच्या कल्चरमध्ये कार्बापेनेमला दाद न देणारी क्लेब्सिएला वाढली. तपासात तोपर्यंत माहीत नसलेले एक मेटॅलो-एन्झाइम सापडले आणि संशोधकांनी त्याला न्यू डेल्ही मेटॅलो-बीटा-लॅक्टमेज-1 असे नाव दिले. तो अहवाल डिसेंबर 2009 मध्ये प्रसिद्ध झाला. पुढच्याच मार्च महिन्यात मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातल्या डॉक्टरांनी भारतीय फिजिशियनांच्या संघटनेच्या नियतकालिकात आपला अनुभव मांडला: 2009 च्या पावसाळ्यापासून पुढच्या काही महिन्यांत त्यांना मिळालेल्या, कार्बापेनेम न जुमानणाऱ्या 24 आतड्यातल्या जिवाणूंपैकी 22 मध्ये एनडीएम-1 होते. म्हणजे स्वीडनमध्ये नवखा ठरलेला पाहुणा मुंबईत आधीच स्थायिक झालेला होता.

ऑगस्ट 2010 मध्ये लॅन्सेट इन्फेक्शियस डिसीजेसमध्ये चेन्नई, हरियाणा, ब्रिटन आणि इतर ठिकाणच्या नमुन्यांचा मोठा अभ्यास आला. ब्रिटनमधल्या अनेक रुग्णांनी त्याआधी भारतात किंवा पाकिस्तानात प्रवास केला होता, काहींनी उपचारही घेतले होते. भारतात त्यावर गदारोळ झाला. राजधानीचे नाव एन्झाइमला देणे अन्यायाचे आहे आणि वैद्यकीय पर्यटनाला बदनाम करण्याचा हा डाव आहे, असे आक्षेप आले. नावाबद्दलची तक्रार समजण्यासारखी होती, पण वादात जिवाणू मागे पडला हे खरेच. 2011 मध्ये दिल्लीतल्या पाण्याची तपासणी प्रसिद्ध झाली, तेव्हा नळाच्या 50 नमुन्यांपैकी 2 आणि रस्त्यावर साचलेल्या वा झिरपणाऱ्या पाण्याच्या 171 नमुन्यांपैकी 51 मध्ये एनडीएमचा जनुक सापडला. तोपर्यंत प्रश्न रुग्णालयाच्या दाराबाहेर गेलेला होता.

हा जनुक इतका कसा फिरला, याचे उत्तर त्याच्या मुक्कामाच्या जागेत आहे. तो जिवाणूच्या मुख्य गुणसूत्रावर क्वचितच असतो. बहुधा तो प्लाझ्मिड नावाच्या डीएनएच्या सुट्या गोल तुकड्यावर असतो. प्लाझ्मिडची प्रत एक जिवाणू शेजारच्या जिवाणूला देऊ शकतो आणि तो शेजारी त्याच जातीचा असावा अशी अट नसते. आतड्यात राहणाऱ्या निरुपद्रवी ई. कोलायकडून तो क्लेब्सिएलाकडे जाऊ शकतो. एनडीएमच्या जनुकाची सुरुवात वाचली तर त्यात दुसऱ्याच एका जनुकाचे सुरुवातीचे टोक जोडलेले दिसते: ॲमिनोग्लायकोसाइड औषधांना निष्प्रभ करणाऱ्या जनुकाचे. हा जोड ॲसिनेटोबॅक्टरमध्ये झाला असावा असे मानले जाते, कारण जनुकाला इकडून तिकडे उचलून नेणारा डीएनएचा तुकडा त्या जिवाणूचा आहे.

प्लाझ्मिडवर एनडीएम एकटा नसतो. त्याच्या शेजारी ईएसबीएलचे जनुक असतात, रायबोसोमवर खूण करून जेंटामायसिन-अमिकासिनसारख्या औषधांची पकड घालवणारे जनुक असतात, क्लोरॅम्फेनिकॉल आणि सल्फा औषधांविरुद्धचेही असतात. यांपैकी कुठलेही एक औषध वापरले, की सगळा संच टिकतो. म्हणून एखाद्या वॉर्डात कार्बापेनेम कमी केले तरी एनडीएम आपोआप नाहीसा होत नाही. इतर औषधांच्या आधाराने तो जगत राहतो. डॉक्टरांना पर्याय का उरत नाहीत, याचे अर्धे उत्तर या शेजाऱ्यांत आहे. कार्बापेनेम गेले तर दुसऱ्या गटाचे औषध द्यावे, हा साधा विचार इथे चालत नाही, कारण दुसरा गटही त्याच गठ्ठ्यात निकामी झालेला असतो.

हे प्रत्यक्षात कसे घडते ते अमेरिकेच्या नेवाडा राज्यातल्या रीनो शहरातल्या एका रुग्णाच्या नोंदीतून नीट दिसते. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने ती जानेवारी 2017 मध्ये प्रसिद्ध केली. सत्तरीतली एक स्त्री दीर्घ मुक्काम करून भारतातून परतली होती. मधल्या दोन वर्षांत भारतात तिच्या उजव्या मांडीचे हाड मोडले होते, मग मांडीच्या आणि खुब्याच्या हाडात संसर्ग झाला आणि तिला अनेकदा रुग्णालयात राहावे लागले. शेवटचे जून 2016 मध्ये. त्याच वर्षी 18 ऑगस्टला ती रीनोच्या रुग्णालयात दाखल झाली. खुब्याजवळ साचलेल्या द्रवात संसर्ग होऊन त्याचा परिणाम सर्व शरीरावर झालेला होता. दुसऱ्या दिवशी घेतलेल्या नमुन्यात क्लेब्सिएला न्यूमोनिए वाढली. तिच्यात एनडीएम होते. रुग्णालयातच 14 औषधे तपासली, सगळी निकामी. पुढे रोगनियंत्रण केंद्राने यादी वाढवली आणि अखेर 26 प्रतिजैविकांना हा जिवाणू दाद देत नाही असे निष्पन्न झाले.

या यादीतली औषधे एकाच कारणाने पडत नाहीत. त्यामुळे त्यांच्याकडे गटागटाने पाहायला हवे. पेनिसिलिन, सेफॅलोस्पोरिन आणि कार्बापेनेम या तिन्हींचे कडे एनडीएम स्वतः फोडते. ॲझ्ट्रिओनॅम हे एक विचित्र अपवादात्मक औषध आहे. त्याचे कडे एकटे, जोडीला दुसरे कडे नसलेले आणि एनडीएमच्या खोबणीत नीट न बसणारे असते. पण शेजारी असलेले ईएसबीएल त्याला फोडते, म्हणून तेही पडते. अमिकासिनसारखी औषधे रायबोसोमवरच्या खुणेमुळे निष्प्रभ होतात. सिप्रोफ्लॉक्सासिन आणि त्याच्या भावंडांविरुद्धचे बदल जिवाणूच्या मूळ गुणसूत्रात झालेले असतात. त्यांच्यामागे या औषधांच्या वर्षानुवर्षांच्या बेफाम वापराचा हात आहे.

उरतात टायजेसायक्लिन, कोलिस्टिन आणि फॉस्फोमायसिन. टायजेसायक्लिन ऊतींमध्ये भराभर शिरते, म्हणून रक्तातले त्याचे प्रमाण फार कमी राहते आणि लघवीत तर ते जेमतेमच उतरते. रक्तातल्या संसर्गात त्यावर विसंबून राहणे धोक्याचे आहे. मृत्यूचे प्रमाण थोडे वाढल्याचे दिसल्यावर 2013 मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने त्यावर ठळक इशारा छापायला लावला. रीनोच्या रुग्णात त्याचा परिणाम मध्यम, म्हणजे ना पूर्ण चालेल ना पूर्ण निकामी, असा आला होता.

कोलिस्टिनची कहाणी वेगळी. 1950 च्या दशकात वापरात आलेले हे औषध मूत्रपिंडाला आणि मज्जातंतूंना इजा करते, म्हणून 1970 च्या दशकात ते मागे पडले. कार्बापेनेम निकामी झाल्यावर त्याला अडगळीतून बाहेर काढावे लागले. ते बाहेरच्या पडद्याला त्याच्या ऋणभारामुळे चिकटते आणि तो फाडते. जिवाणू तो भार थोडा कमी करतो आणि औषध निसटते. क्लेब्सिएलात हे बहुतेकदा स्वतःच्याच एका नियंत्रक जनुकातल्या बिघाडाने होते. 2015 मध्ये चीनमधून प्लाझ्मिडवर बसलेला एमसीआर-1 हा कोलिस्टिनविरोधी जनुकही नोंदला गेला. रीनोच्या जिवाणूत मात्र तो नव्हता. कोलिस्टिनची मात्रा ठरवणेही अवघड आहे: परिणाम होईल इतके द्यावे तर मूत्रपिंड बिघडते, जपून द्यावे तर रक्तात पुरेसे पोचत नाही. म्हणून 2020 मध्ये अमेरिकेतल्या प्रयोगशाळा-मानकांनी कोलिस्टिनसाठी लागू हा शेराच काढून टाकला. आता अहवालात ते मध्यम किंवा प्रतिरोधक एवढेच येते. भारतात मात्र याच औषधावर अनेक आयसीयू वर्षानुवर्षे तगलेले आहेत. कोंबड्या आणि इतर खाद्यप्राण्यांत त्याचा वापर केंद्र सरकारने 2019 मध्ये बंद केला.

शेवटचे फॉस्फोमायसिन. प्रयोगशाळेतल्या आकड्यानुसार रीनोच्या जिवाणूवर ते चालण्याची शक्यता दिसत होती. पण अमेरिकेत ते फक्त तोंडाने घेण्याच्या स्वरूपात, साध्या मूत्रसंसर्गासाठी मंजूर होते. शिरेतून द्यायचे फॉस्फोमायसिन तिथे उपलब्ध नव्हते. सप्टेंबरच्या सुरुवातीला सेप्टिक शॉकने त्या स्त्रीचा मृत्यू झाला. तिला वेगळ्या खोलीत ठेवून कर्मचाऱ्यांनी गाउन, मास्क आणि हातमोजे वापरले होते. त्या विभागातल्या इतर रुग्णांच्या तपासणीत असा जिवाणू आढळला नाही.

अशा जिवाणूची ओळख पटवणे हेही उपचाराचेच अंग आहे, आणि तिथे बराच वेळ जातो. नेहमीच्या कल्चरला जिवाणू वाढायला आणि औषधांच्या चकत्या लावून वाढ कुठे थांबते ते पाहायला दोन ते तीन दिवस लागतात. तोवर डॉक्टर अंदाजाने औषध देतात, आणि तो अंदाज बहुधा मेरोपेनेमचाच असतो. शिवाय कार्बापेनेम निकामी आहे एवढे कळून भागत नाही. दार अरुंद झाल्यामुळे ते निकामी आहे की एन्झाइममुळे, आणि एन्झाइम असेल तर सेरीनवाले की जस्तवाले, हे कळावे लागते. ओएक्सए-48 तर आणखी फसवे: ते इतके हळू काम करते, की चकतीच्या चाचणीत काही वेळा मेरोपेनेम चालेल असा निकाल येतो.

यासाठी प्रयोगशाळेत एक साधी आणि स्वस्त चाचणी वापरतात. संशयित जिवाणूचा छोटासा लूपभर भाग द्रवात मिसळतात आणि त्यात 10 मायक्रोग्रॅम मेरोपेनेमची चकती चार तास बुडवून ठेवतात. जिवाणूत कार्बापेनेमेज असेल तर तेवढ्या वेळात चकतीतले औषध फुटून संपते. मग ती चकती अशा ई. कोलायच्या थरावर ठेवतात, ज्याला मेरोपेनेम नक्की मारते. दुसऱ्या दिवशी चकतीभोवती मोठे स्वच्छ वर्तुळ दिसले तर औषध शाबूत होते; वर्तुळ नसले किंवा 15 मिलिमीटरपर्यंतच असले तर एन्झाइमने ते संपवले. याच चाचणीची दुसरी नळी जस्त शोषून घेणारे ईडीटीए घालून लावतात. तिथे वर्तुळ किमान 5 मिलिमीटरने वाढले, म्हणजे जस्त काढताच एन्झाइम लुळे पडले, तर ते एनडीएमसारखे मेटॅलो-एन्झाइम आहे. पण दोन्ही जातींचे एन्झाइम एकत्र असले तर ही दुसरी नळी फसते, कारण जस्त काढले तरी सेरीनवाले आपले काम करत राहते. भारतात एनडीएम आणि ओएक्सए-48 च्या कुळातले एन्झाइम एकाच जिवाणूत असणे मुळीच दुर्मीळ नाही. म्हणून ज्यांना परवडते त्या प्रयोगशाळा जनुक शोधणारी यंत्रे वापरतात. त्यात तासाभरात एनडीएम, केपीसी, ओएक्सए-48, व्हीआयएम, आयएमपी यांपैकी कोण आहे ते कळते. गर्भचाचणीच्या पट्टीसारख्या पट्ट्याही मिळतात आणि पंधरा मिनिटांत उत्तर देतात. अडचण किमतीची असते, आणि ती जिल्हा रुग्णालयांत सर्वांत जास्त जाणवते.

एन्झाइमची जात कळली की उपचाराचे मार्ग वेगळे होतात. 2015 मध्ये अमेरिकेत मंजूर झालेल्या सेफ्टाझिडिम-ॲविबॅक्टम या जोडीतले ॲविबॅक्टम सेरीनला चिकटून केपीसी आणि ओएक्सए-48 दोघांनाही बंद पाडते. मग सेफ्टाझिडिम आपले काम करते. ज्या देशांत केपीसीचे राज्य होते, तिथे या औषधाने कोलिस्टिनची गरज बरीच कमी केली. एनडीएमवर मात्र ते एकटे चालत नाही, कारण तिथे ॲविबॅक्टमला चिकटायला सेरीनच नाही.

इथे डॉक्टरांनी एक चतुर जोडणी शोधली. एनडीएम ॲझ्ट्रिओनॅम फोडत नाही. ते फोडणारे शेजारचे ईएसबीएल सेरीनवाले आहे. आणि सेरीनवाल्याला ॲविबॅक्टम थोपवते. म्हणून सेफ्टाझिडिम-ॲविबॅक्टम आणि ॲझ्ट्रिओनॅम ही दोन्ही औषधे एकाच वेळी शिरेतून द्यायची. सेफ्टाझिडिम इथे जवळजवळ वाया जाते. ते केवळ ॲविबॅक्टमला शरीरात पोचवणारे वाहन ठरते. इटली आणि ग्रीसमधल्या 102 रुग्णांच्या एका निरीक्षणात, रक्तात मेटॅलो-एन्झाइमचे जिवाणू असताना ही जोडणी मिळालेल्यांपैकी 30 दिवसांत 19.2 टक्के दगावले, तर कोलिस्टिनसारखे इतर उपचार मिळालेल्यांपैकी 44 टक्के. ती चिठ्ठ्या टाकून गट पाडलेली चाचणी नव्हती, तरी फरक दुर्लक्ष करण्याजोगा नाही. पुढे ॲझ्ट्रिओनॅम आणि ॲविबॅक्टम एकाच कुपीत आणणारे औषध युरोपात 2024 मध्ये आणि अमेरिकेत 2025 मध्ये मंजूर झाले.

भारतासाठी या जोडणीत एक खोच आहे. एनडीएम असलेल्या इथल्या बऱ्याच ई. कोलायमध्ये ॲझ्ट्रिओनॅम ज्या विणकरी प्रथिनाला चिकटते, त्याच्याच साखळीत चार जादा अमिनो आम्ले घुसलेली आढळली आहेत. त्यामुळे औषध शाबूत राहूनही त्याची लक्ष्यावरची पकड सैल होते. इथे दोष एन्झाइमचा नसतो, म्हणून एन्झाइमला कितीही थोपवले तरी तो भाग सुटत नाही. क्लेब्सिएलात ही अडचण ई. कोलायइतकी दिसत नाही. म्हणजे कोणते एन्झाइम हे कळल्यावर कोणता जिवाणू हेही पाहावे लागते.

ॲसिनेटोबॅक्टरची गोष्ट आणखी निराळी आहे. त्याच्यात कार्बापेनेम फोडण्याचे काम बहुधा ओएक्सए-23 हे सेरीनवाले एन्झाइम करते, पण त्याला ॲविबॅक्टम अडवत नाही. अमेरिकेत 2023 मध्ये मंजूर झालेले सल्बॅक्टम-ड्युरलोबॅक्टम त्याला अडवते. मात्र जिवाणूत एनडीएमही असेल तर तेही निकामी. कोलिस्टिनसोबत मेरोपेनेम जोडून काही साधते का, हे तपासणारी 406 रुग्णांची चाचणी 2018 मध्ये प्रसिद्ध झाली. त्यात बहुतेक संसर्ग ॲसिनेटोबॅक्टरचे होते आणि जोडीने एकट्या कोलिस्टिनपेक्षा काही अधिक साधले नाही. तरीही अशी जोडी आजही अनेक ठिकाणी लिहिली जाते. हाताशी दुसरे काही नसले की निदान दोन औषधे तरी द्यावीत असे वाटणे स्वाभाविक आहे, पण पुराव्याचा आधार त्याला नाही.

सेफिडेरोकॉल हे आणखी एक नवे औषध लोहाच्या वाटेने आत शिरते. जिवाणूला लोह हवे असते आणि ते आणण्यासाठी त्याच्या बाहेरच्या पडद्यात खास वाटा असतात. हे औषध लोहाला धरून त्याच वाटेने पोकळीत पोचते. त्यामुळे अरुंद पोरिनचा प्रश्न सुटतो आणि त्याचे कडेही बऱ्याच एन्झाइमसमोर टिकते. एनडीएमपुढे मात्र ही टिकाऊपणाची मर्यादा दिसते: एनडीएम असलेल्या जिवाणूंना थांबवायला इतरांपेक्षा जास्त सेफिडेरोकॉल लागते.

एनडीएमला सरळ थोपवणारे रसायन बनवण्याचे प्रयत्न चालू आहेत. जस्त शोषून घेणारे ईडीटीए प्रयोगशाळेच्या नळीत चालते, पण रुग्णाला देता येत नाही, कारण माणसाच्या शरीरातल्या कितीतरी एन्झाइमना जस्त लागते. म्हणून खोबणीत बसून फक्त जिवाणूचेच एन्झाइम अडवणारा रेणू हवा. टॅनिबॉरबॅक्टम हा तसा एक रेणू. तो एनडीएम-1 ला अडवतो, पण आयएमपीला नाही. एनडीएमच्या कुळातल्या एनडीएम-9 मध्ये एकच अमिनो आम्ल बदललेले आहे आणि त्यावरही तो चालत नाही. मुंबईत मुख्यालय असलेल्या वोक्हार्ट कंपनीने वेगळा मार्ग धरला आहे. तिच्या झिडेबॅक्टम या रेणूचे कडे मेटॅलो-एन्झाइमला फोडता येत नाही, आणि तो एन्झाइमशी झुंजण्यावर विसंबत नाही. तो भिंत विणणाऱ्या दुसऱ्याच एका प्रथिनाला चिकटतो. सोबतचे सेफेपिम ॲझ्ट्रिओनॅमच्याच लक्ष्याला चिकटते. दोन ठिकाणी एकाच वेळी विणकाम बिघडल्यामुळे, सेफेपिमचा बराचसा भाग एनडीएमने फोडला तरी उरलेल्यावर काम भागते. चार जादा अमिनो आम्ले असलेल्या ई. कोलायवरही ही जोडी प्रयोगशाळेत परिणामकारक ठरली आहे, कारण झिडेबॅक्टमचे लक्ष्य त्या बदललेल्या प्रथिनापेक्षा वेगळे आहे.